प्रमाण आयडी आला, पण पेन्शन कुठे आहे?

नोव्हेंबर महिन्यात आपल्या मंडळाच्या कट्ट्यावर एकच विषय असतो: हयातीचा दाखला. कुणाचा झाला, कुणाचा राहिला, कुणाच्या अंगठ्याचा ठसा चौथ्यांदाही उमटला नाही. या वेळी त्याबद्दलच लिहिते, पण नोव्हेंबरच्या रांगेबद्दल नाही. दाखला दिला, मोबाइलवर मेसेजही आला, आणि तरी पेन्शन थांबलं तर काय शोधायचं, याबद्दल. गेल्या वर्षी माझी आत्या पुण्याहून कायमची आमच्याकडे वडोदऱ्याला राहायला आली आणि तिच्या निमित्तानं हे सगळं मला मुळापासून पाहावं लागलं.

आत्या केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाली. काकाही केंद्र सरकारीच, पण वेगळ्या खात्यात. काका गेल्यावर आत्याला दोन पेन्शनं सुरू झाली: एक स्वतःच्या नोकरीचं आणि दुसरं काकांमागचं कुटुंब निवृत्तिवेतन. बँक एकच, शाखाही पुण्यातली एकच, पण खाती दोन. स्वतःचं पेन्शन तिच्या एकटीच्या खात्यात येतं आणि काकांचं त्या दोघांच्या जुन्या जोडखात्यात. नवरा-बायकोचं जोडखातं असलं की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवीन खातं उघडावं लागत नाही, त्यामुळे ते तसंच चालू राहिलं होतं.

पुण्यात तिला कधी त्रास झाला नाही. नोव्हेंबरात ती शाखेत जायची. तिथले पेन्शनचे साहेब तिला नावानं ओळखायचे, स्वतःच दोन फॉर्म काढायचे आणि "इथे एक सही, इथे एक सही" म्हणायचे. दोन फॉर्म का, हे तिनं कधी विचारलं नाही. तशी गरजही पडली नाही.

इकडे आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात आमच्या भागातल्या बँकेच्या शाखेत डिजिटल दाखल्याचं शिबिर होतं. आत्या शेजारच्या काकूंबरोबर गेली. टेबलावरच्या मुलानं आधार कार्ड घेतलं, पीपीओ पुस्तक मागितलं. तिच्या पिशवीत तिचं स्वतःचं होतं, ते तिनं दिलं. मोबाइलसमोर बसवून डोळे मिचकवायला सांगितलं, दोन मिनिटांत मेसेज आला, आणि आत्या खूश होऊन घरी आली. "इतकं सोपं असतं तर इतकी वर्षं रिक्षाला पैसे का घातले गं?"

जानेवारीच्या शेवटी पुण्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मेंटेनन्सचा चेक परत गेला होता. तो चेक जोडखात्यावरचा होता, आणि त्या खात्यात डिसेंबरचं पेन्शन आलंच नव्हतं. तिच्या स्वतःच्या खात्यात मात्र वेळेवर आलं होतं, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याला पैशापेक्षा दुसरंच लागलं. "ह्यांचं पेन्शन बंद केलं त्यांनी," असं ती दोन दिवस म्हणत होती.

आता इथे थोडं थांबून व्यवस्था समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण म्हणतो की शाखा पेन्शन देते. प्रत्यक्षात शाखा फक्त खातं सांभाळते. पेन्शनचा हिशोब करून पैसे जमा करतं ते बँकेचं केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्र, ज्याला बँकवाले सीपीपीसी म्हणतात. ते बहुतेक वेळा तिसऱ्याच शहरात असतं आणि तिथे आपण कधी जात नाही. त्या केंद्राच्या दृष्टीनं आत्या ही एक व्यक्ती नाही. तिथे दोन नोंदी आहेत, दोन पीपीओ क्रमांकांच्या. प्रत्येक नोंदीसमोर हयातीच्या दाखल्याची तारीख असते. ३० नोव्हेंबरपर्यंत ती तारीख नवी झाली नाही, तर डिसेंबरपासून त्या नोंदीचं पेन्शन थांबतं. शेजारच्या नोंदीत तीच बाई तीच आधार संख्या घेऊन हयात आहे, हे ते यंत्र बघत नाही. माझ्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. नोंद ज्या क्रमांकानं ओळखली जाते, तो क्रमांक जुळला पाहिजे. माणूस जुळला म्हणून काही होत नाही.

म्हणजे जितकी पेन्शनं, तितके दाखले. पुण्याचे साहेब दोन सह्या घेत होते त्या याचसाठी. डिजिटल दाखल्यालाही हाच नियम आहे, आणि शिबिरातल्या मुलानं समोर आलेल्या एका पुस्तकाचा एक दाखला केला.

पण हे आम्हाला लगेच कळलं नव्हतं. आधी आम्ही वडोदऱ्याच्या शाखेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पासबुक पाहिलं आणि "होम ब्रँच पुणे आहे, तिकडे जावं लागेल" असं सांगितलं. हे वाक्य शहर बदललेल्या प्रत्येक पेन्शनरनं ऐकलेलं असेल. तर लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे हयातीचा दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतो, आणि जी शाखा घेईल तिनंच तो बँकेच्या संगणकात चढवायचा असतो. वर सही-शिक्क्याची पोचही द्यायची असते. होम ब्रँचकडे पाठवून देतो म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकणं हे नियमात नाही. मी हे भांडणाच्या सुरात न बोलता आतल्या मॅनेजरांना सांगितलं आणि एवढंच विचारलं, "दोन्ही पीपीओंसमोर हयातीची शेवटची तारीख कोणती दिसते, तेवढं बघता का?" त्यांनी पाहिलं. एकासमोर गेल्या नोव्हेंबरची तारीख होती, दुसऱ्यासमोर त्याच्या आधीच्या वर्षाची. पाच मिनिटांत निदान झालं. "पेन्शन का आलं नाही?" याला शाखेत कुणी उत्तर देऊ शकत नाही, पण या प्रश्नाला देऊ शकतात, म्हणून तो असाच विचारावा.

हे घरबसल्याही कळलं असतं. दाखला झाल्यावर जो मेसेज येतो, त्यात प्रमाण आयडी असतो. jeevanpramaan.gov.in वर तो आयडी घालून, ओटीपी टाकून, दाखल्याची पीडीएफ उतरवता येते. त्या एका पानावर पेन्शनचा प्रकार, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शन देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. आत्याची पीडीएफ मी नंतर उतरवली. प्रकार 'सर्व्हिस', क्रमांक तिच्या पुस्तकातला, खातं तिचं एकटीचं. काकांच्या पेन्शनचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं.

मेसेज आला म्हणजे दाखला तयार झाला, एवढंच. तो पेन्शन देणाऱ्या संस्थेनं स्वीकारला, असा त्याचा अर्थ नाही. ती वेगळी पायरी आहे. बँकेचं केंद्र तो दाखला घेऊन आपल्या नोंदीशी ताडून पाहतं, आणि पीपीओचा एक आकडा इकडचा तिकडे असेल किंवा बँक चुकीची निवडली असेल तर नाकारतं. गेल्या काही वर्षांत किती सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या, हे आपण पाहिलंच. जुन्या पासबुकावर जुन्या बँकेचं नाव असतं आणि यादीत तेच शोधलं जातं. निवडायची ती आज पेन्शन जमा करणारी बँक. दाखला नाकारला गेला तर तोच दुरुस्त करता येत नाही. बरोबर माहिती भरून नवा करावा लागतो.

पीपीओ क्रमांकाबद्दल एक उपयोगी गोष्ट. केंद्र सरकारच्या नागरी पेन्शनरांचा हा क्रमांक १२ आकडी असतो. पहिले ५ आकडे पीपीओ काढणाऱ्या कार्यालयाचे, पुढचे २ वर्षाचे, नंतरचे ४ अनुक्रमांकाचे आणि शेवटचा एक तपासणीचा. म्हणून सहावा-सातवा आकडा बघितला की पुस्तक कोणत्या वर्षाचं आहे ते कळतं, आणि दोन पुस्तकं समोर असतील तर कोणतं कुणाचं याचा गोंधळ होत नाही. काका आत्याच्या आधी निवृत्त झाले होते, त्यामुळे आम्हाला हे लगेच ओळखता आलं. कुटुंब निवृत्तिवेतन सहसा गेलेल्या माणसाच्याच पीपीओवर चालतं, हेही ध्यानात असू द्या. आत्या घरभर 'माझ्या नावाचं दुसरं पुस्तक' शोधत होती. हवं होतं ते काकांच्या नावाचं, आणि ते पुण्याच्या कपाटात होतं. चुलतभावानं फोटो काढून पाठवला.

मग दुसरा दाखला आम्ही घरीच केला. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात: एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं AadhaarFaceRD. हे दुसरं टाकलं की उघडायला कुठे दिसत नाही, आणि लोकांना वाटतं की ते उतरलंच नाही. ते तसंच असतं. चेहरा तपासायची वेळ आली की पहिलं ॲप त्याला स्वतः बोलावतं. सुरुवातीला 'ऑपरेटर'ची ओळख मागतात. इथेही पुष्कळ जण अडतात. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा माणूस. तो पेन्शनर स्वतः असू शकतो किंवा घरातलं कुणीही. मी माझा आधार क्रमांक आणि माझा चेहरा दिला. हे एकदाच करायचं, नंतर त्याच फोनवरून कितीही जणांचे दाखले करता येतात. त्यामुळे आमच्या गल्लीत आता माझा फोन 'पेन्शनचा फोन' झाला आहे, ती गोष्ट वेगळी.

पुढे आत्याचा आधार क्रमांक, मोबाइल, त्यावर आलेला ओटीपी, आणि मग माहिती: प्रकार 'फॅमिली', पीपीओ काकांचा, खातं जोडखातं. नाव आधारवर जसं आहे तसंच. पुनर्विवाह आणि पुन्हा नोकरी, असे दोन प्रश्न असतात. यातल्या कशाचंही उत्तर 'हो' असेल तर डिजिटल दाखला चालत नाही, कागदी दाखला घेऊन बँकेतच जावं लागतं. त्यानंतर चेहरा. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको, चष्म्यावर चमक येत असेल तर चष्मा काढा, आणि सांगतील तेव्हा डोळे मिचकवा. आत्याचा दुसऱ्या प्रयत्नात झाला. अंगठा वर्षानुवर्षं भांडी आणि फायली हाताळून गुळगुळीत झालेला असतो. चेहऱ्याची सोय आल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला. ज्यांच्या घरात असा फोन नाही, त्यांना पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला करून देतो. पोस्टात सांगून ठेवावं लागतं.

हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झालं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी जोडखात्यात तीन महिन्यांचे पैसे एकदम आले: डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी. दाखल्याअभावी थांबलेलं पेन्शन बुडत नाही, दाखला पोचला की थकबाकीसह सुरू होतं. मात्र तीन वर्षांहून जास्त काळ तसंच पडून राहिलं, तर वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि मग प्रकरण लांबतं. आत्यानं व्याजाबद्दल विचारलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेनं पेन्शन उशिरा जमा केलं तर वार्षिक ८ टक्के दरानं भरपाई द्यायची असते, आणि तीही आपण न मागता. पण आमच्या बाबतीत बँकेकडे दाखला आलाच नव्हता, त्यामुळे उशीर बँकेचा नव्हता. तुम्ही कागदी दाखला शाखेत दिला, पोच घेतली, आणि शाखेनं तो चढवलाच नाही म्हणून पेन्शन थांबलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोचेची तारीख दाखवून ही भरपाई मागता येते. पोचेचा तुकडा पासबुकात ठेवायचा तो यासाठी.

दाखल्यापेक्षा खरं तर जास्त वेळ लागला तो मोबाइल क्रमांक बदलायला. जोडखात्याला काकांचा नंबर जोडलेला होता, आणि ते सिम केव्हाच बंद झालं होतं. म्हणजे बँकेनं त्या खात्याबद्दल पाठवलेले सगळे मेसेज हवेत जात होते. पेन्शन आलं नाही हे कळायला चेक परत यावा लागला, त्याचं मूळ इथे आहे. इथल्या शाखेत दोन फेऱ्या झाल्या. त्यात पत्त्याचाही प्रश्न आला, कारण आधारवर पुण्याचा पत्ता आहे आणि आत्याला तो बदलायचा नाही. सध्याचा पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल तर तसं स्वतःच्या सहीनं लिहून देता येतं आणि बँकेला ते चालतं. हे खिडकीवर माहीत नव्हतं, आत माहीत होतं.

खातं इकडे आणावं का, असं बरेच जण विचारतात. बँक तीच असेल तर शाखा बदलायचा अर्ज इथल्या शाखेतच करता येतो, आणि पेन्शन केंद्रातून येत असल्यामुळे त्यात फारसा अडथळा येत नाही. पण माझ्या मते नुसत्या दाखल्यासाठी त्याची गरज नाही. मोबाइल आणि पत्ता बदलला की पुरतं. बँकच बदलायची असेल तर ते निराळं काम आहे. अर्ज सध्याच्या बँकेकडून दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयाकडे आणि तिथून नव्या बँकेकडे जातो. घराजवळची शाखा सोयीची वाटली एवढ्या कारणासाठी मी आत्याला त्यात पडू दिलं नाही. तक्रारच करायची वेळ आली तर आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना CPENGRAMS हे वेगळं पोर्टलही आहे.

हे सगळं केंद्र सरकारच्या पेन्शनबद्दल झालं. त्यांची मुदत नोव्हेंबरची. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतं. आम्ही फेब्रुवारीत केलेला दाखला वर्षभर चालेल, असं आत्याला वाटलं होतं, पण तसं नाही, येत्या नोव्हेंबरात दोन्ही पुन्हा करायचे. भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे ईपीएस ९५ चं पेन्शन घेणाऱ्यांचं उलट आहे. त्यांचा दाखला कधीही द्या, तो दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. गुजरात सरकारच्या पेन्शनरांची हयातीची खराई मे ते जुलैमध्ये असते, हे इथल्या निवृत्त शिक्षक मंडळींना सांगायला नको. ज्यांच्या घरात एक पेन्शन केंद्राचं आणि एक राज्याचं आहे, त्यांनी दोन्ही तारखा कॅलेंडरवर वेगवेगळ्या लिहाव्यात.

आत्यानं आता दोन्ही पीपीओंची पहिली पानं झेरॉक्स करून एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. वर मोठ्या अक्षरात खाते क्रमांक, आणि काकांच्या पानावर लाल पेननं 'फॅमिली' असं लिहिलं आहे. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दोन्ही पासबुकं भरून आणायची, हे तिनं माझ्या नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय.